आमच्या पॉलिहाऊसचे पडदे

आमच्या शेतात दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस आहे. आत जरबेराची फुले आहेत. पॉलिहाऊसला दोन्ही बाजूंनी गुंडाळता येणारे पडदे आहेत आणि छपराला उंचावर एक लांब फट आहे. गरम हवा हलकी होऊन त्या फटीतून बाहेर जाते आणि बाजूने ताजी हवा आत येते. पंखा नाही, त्यामुळे विजेचे बिल येत नाही. पण पडद्यांकडे लक्ष ठेवावे लागते.

मागच्या एप्रिलमध्ये ते लक्ष चुकले. दुपारी आत ३८ अंश झाले. काका म्हणाले, "गारवा बाहेर जाईल, पडदे लावा नि फॉगर सोडा." फॉगर म्हणजे पाण्याचे बारीक धुके उडवणारी तोटी. अर्धा तास धुके सोडले, तरी पारा ३६ च्या खाली येईना! आम्हालाच आत घुसमटायला लागले.

आमच्याकडे दोन तापमापी शेजारी टांगल्या आहेत. एकीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेले असते. हवा कोरडी असली की फडक्यातले पाणी भराभर उडते आणि ती तापमापी कमी अंश दाखवते. फॉगर सोडण्याआधी कोरडी ३८ व ओली २४ होती, म्हणजे आर्द्रता जेमतेम ३२ टक्के. अर्ध्या तासाने कोरडी ३६ व ओली ३३! आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली होती. आपला माठ उन्हाळ्यात गार होतो, पण पावसाळ्यात होत नाही, तसेच हे. दमट हवेत पाणी उडत नाही आणि पाणी उडाल्याशिवाय गारवा येत नाही. तेच धुके मग पानाफुलांवर बसले. रात्री कागदावरूनही थेंब टपकले. चार दिवसांनी पाकळ्यांवर तपकिरी ठिपके व करडी बुरशी दिसली. तीनशे फुले उकिरड्यावर टाकताना आई काहीच बोलली नाही.

आता आम्ही आधी पडदे उघडतो आणि मगच फॉगर सोडतो, तोही एक मिनिट. मग पंधरा मिनिटे बंद. दोन्ही तापमापींत पाचसहा अंशांपेक्षा कमी फरक राहिला, तर फॉगर सोडतच नाही. चार वाजल्यानंतर तर मुळीच नाही, कारण रात्रीपूर्वी पाने सुकायला हवीत. आतली पांढरी शेडनेट अकराच्या सुमारास ओढतो. तिने ऊन कमी होते, पण पूर्ण ओढली तर गरम हवेची वरची वाटही अडते, म्हणून मध्ये हातभर फट ठेवतो.

सकाळी शाळेत येण्यापूर्वी पडदे थोडे वर करायचे काम माझे आहे. रात्रभर साठलेली दमट हवा तेव्हा बाहेर जाते. कधी उशीर झाला, तर कागदाचे गार थेंब मानेवर पडतात आणि कळते, आज फुलेही भिजली असणार.