सोयाबीन बियाण्याचा व्हिडीओ : सल्ला की जाहिरात?

मे संपत आला की शेतीच्या यूट्यूब चॅनलवर सोयाबीन बियाण्याचे व्हिडीओ सुरू होतात. बांधावर उभं राहून, गावच्या बोलीत कुणी वाणाचं नाव घेतलं की तो सल्लाच वाटतो. पण त्यामागे बियाणे कंपनीचे पैसे असू शकतात.

ओळखायचं कसं?
केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे, मोफत बियाणं किंवा सहल घेतली असेल, तर ते व्हिडीओतच बोलून आणि दाखवून, त्याच भाषेत सांगावं लागतं. मराठी व्हिडीओखाली इंग्रजीत बारीक ओळ टाकणं पुरेसं नाही.

काय सांगायचं राहतं?
सोयाबीन स्वपरागित पीक आहे. त्यामुळे सुधारित वाणाचं घरचं बियाणं साधारण तीन वर्षं वापरता येतं. पिशवी विकायची असेल, तर हे सांगण्यात विक्रेत्याचा फायदा नसतो.

घरीच तपासा
ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीत ठेवा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० आले तर ३५ किलो लागेल. त्याहून बरेच कमी आले, तर ते बियाणं पेरू नका.

विकतच्या बियाण्याचीही अशीच चाचणी घ्या. पावती, पिशवी, टॅग आणि थोडं बियाणं जपून ठेवा. उगवण झाली नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना हाच पुरावा लागतो.