खरेदीखतातील आकडा आणि भूसंपादनाचा मोबदला

कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी रेल्वे मार्गिका आणि बदलापूरजवळून, माथेरानच्या डोंगररांगेखालून पनवेलकडे जाणारा वडोदरा-मुंबई महामार्ग, या दोन प्रकल्पांनी अंबरनाथ तालुक्यातील अनेक घरांत एकच प्रश्न नेला: जमीन गेली, तर तिची किंमत कोण ठरवणार आणि कशी?

सार्वजनिक कामासाठी खासगी जमीन घेण्याचा अधिकार शासनाला आहे. मालकाची संमती प्रत्येक वेळी लागतेच असे नाही. म्हणूनच मोबदल्याची रीत कायद्याने बांधून दिली आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील ही रीत 2015 पासून रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनालाही लागू आहे.

भूसंपादन अधिकारी प्रथम बाजारमूल्य काढतात. त्यासाठी रेडी रेकनरचा दर एका बाजूला ठेवतात. दुसऱ्या बाजूला प्रारंभिक अधिसूचनेपूर्वीच्या तीन वर्षांत त्या गावात किंवा लगतच्या परिसरात तत्सम जमिनीची जी खरेदीखते नोंदली गेली, ती घेतात. त्यांपैकी अधिक दराची निम्मी निवडून त्यांची सरासरी काढतात. या दोहोंत जो आकडा मोठा, तो बाजारभाव.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. समजा, एका कुटुंबाची दहा गुंठे जमीन जाणार आहे. तीन वर्षांत आठ खरेदीखते झाली आणि त्यांतील वरच्या चारांचे दर गुंठ्याला 6, 5, 5 व 4 लाख रुपये आहेत. सरासरी 5 लाख. रेडी रेकनर 4 लाख. म्हणून बाजारमूल्य 50 लाख. आता गुणक येतो. ग्रामीण भागात राज्य शासन तो 1 ते 2 यांदरम्यान ठरवते. नागरी हद्दीत तो 1 असतो. गुणक 2 धरला, तर 1 कोटी. विहीर व झाडे यांचे 4 लाख मिळवून 1 कोटी 4 लाख. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे 2 कोटी 8 लाख. शिवाय बाजारमूल्यावर दरसाल 12 टक्के; एक वर्षाचे 6 लाख. एकूण 2 कोटी 14 लाख.

हीच जमीन कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ वा उल्हासनगरच्या शहरी हद्दीत असती, तर हिशेब 1 कोटी 14 लाखांवर थांबला असता. शेजारच्या दोन बांधांमध्ये हद्दीची रेषा गेली, की एक कोटीचा फरक पडतो. म्हणून अधिसूचनेच्या दिवशी आपला सर्व्हे नंबर कोणत्या हद्दीत होता आणि त्या प्रकल्पाला कोणता गुणक लागू होता, हे आधी पाहावे.

परंतु सारी इमारत उभी आहे ती पहिल्या आकड्यावर, खरेदीखतांच्या सरासरीवर. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खतात कमी किंमत लिहून उरलेली रक्कम रोखीने देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. वरील उदाहरणातील चारही खते 4 लाखांनी लिहिली असती, तर बाजारमूल्य 10 लाखांनी घटले असते आणि अंतिम मोबदला 41 लाख 20 हजारांनी. ज्याने हात आखडता घेतला तो वाचला. शेजाऱ्याने किंमत मोजली. पुढे न्यायालयात ‘खरा भाव अधिक होता’ असे सांगितले, तरी कागद त्याच्याविरुद्ध उभा राहतो.

चूक अधिकाऱ्यांच्या हिशेबातही होऊ शकते. एखादे मोठ्या दराचे खत यादीत येत नाही, किंवा भाव अवाजवी ठरवून वगळले जाते. म्हणून नोंदणी विभागाकडून गावच्या खतांची ‘इंडेक्स टू’ काढून निवाड्यातील यादीशी ताडून पाहावी. संयुक्त मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहून विहीर, झाडे व बांधकाम पंचनाम्यात लिहून घ्यावे; तेथे राहून गेलेल्या गोष्टीचा मोबदला नंतर मिळवणे कठीण जाते.

निवाडा मान्य नसेल, तर पैसे नाकारण्याची गरज नाही. ‘हरकत राखून’ असे लेखी नोंदवूनच रक्कम घ्यावी. तशी नोंद न करता पैसे घेतले, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्यावेळी आपण वा आपला प्रतिनिधी हजर असल्यास सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, व प्रकरण प्राधिकरणाकडे जाते. राष्ट्रीय महामार्गासाठी वाद लवादापुढे नेला जातो.

मोबदल्याचा निवाडा होतो तो सरकारी कचेरीत. पण त्यातील पहिला आकडा आपणच, कुठल्याशा जुन्या खरेदीखतात, लिहून ठेवलेला असतो.