शिक्क्याखालचा दिनांक

सरकारी पत्रावरचा शिक्का क्वचितच कोऱ्या जागी पडतो. सहीवर आणि अधिकाऱ्याच्या पदनामावर तो मुद्दामच उमटवतात, म्हणजे मागाहून कुणाला फेरफार करता येऊ नये. पत्र दुसऱ्या कार्यालयात पोचलं, की तिथे आवक क्रमांक आणि तारखेचा आणखी एक शिक्का बसतो, तोही अनेकदा वरच्या उजव्या कोपऱ्यात, छापील दिनांकावरच. कागद हातात धरणाऱ्याचं यात काही अडत नाही. जांभळ्या शाईतून काळी अक्षरं त्याला दिसतात. पण अशा पत्रांच्या चित्रांमधून जावक क्रमांक, दिनांक, विषय, पदनाम हे रकाने संगणकानं आपोआप भरावेत असं ठरलं, की चुका नेमक्या याच जागी होतात.

चूक बहुधा वाचायला सुरुवात होण्याआधीच झालेली असते. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारी प्रणाली, सहसा आधी रंग काढून टाकते आणि मग चित्र निव्वळ काळं-पांढरं करते. समजा, ‘दिनांक : १२/०३/२०२४’ या ओळीवर जांभळा शिक्का आहे. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशी तीन मूल्यं असतात. शून्य म्हणजे पूर्ण अंधार, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. शिक्क्याच्या शाईची मूल्यं १२०, ८५, १७५ अशी असली, तर राखाडी रूपात तिचं मूल्य सुमारे १०६ होतं. कागद २३८ च्या आसपास आणि छापील अक्षर ४३ च्या आसपास असेल. आता काळं-पांढरं करताना सीमारेषा १४० वर पडली, तर शिक्काही अक्षरांइतकाच काळा होतो. मग शिक्क्याची कड छापील १ ला चिकटून ९ तयार होऊ शकतो.

उपाय सोपा आहे: रंग टाकण्याऐवजी त्यातला फक्त निळा भाग घ्यायचा. निळ्या भागात कागद २३२, शिक्का १७५ आणि अक्षर ४४. त्याच १४० च्या सीमेनं शिक्का कागदाच्या बाजूला जातो आणि अक्षर एकटं उरतं. शाई जिथे अक्षरावर चढली आहे तिथेही अक्षर टिकतं, कारण पातळ शाईखालचा काळा टोनर तिन्ही भागांत काळाच राहतो. शिक्का लाल असेल, तर हीच गोष्ट लाल भागात साधते. निळ्या पेनाची सहीसुद्धा अशीच बाजूला होते. मात्र गडद शाईच्या सहीचा निळा भागही काळसर असतो, त्यामुळे तिचे तुकडे मागे राहतात.

देवनागरीत या तुकड्यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. शाईचा एखादा ठिपका शिरोरेषेच्या वर उरला, तर तो अनुस्वार म्हणून वाचला जातो. सफाईच्या उत्साहात सगळे बारीक ठिपके पुसले, तर खरे अनुस्वार जातात. म्हणून ठिपका पुसण्याआधी मूळ रंगीत चित्रात त्या जागी कोणता रंग आहे ते पाहावं. जांभळा असेल तर पुसावा, काळा असेल तर राहू द्यावा.

बाजूला काढलेला शिक्का फेकून द्यायचा नाही, हे अनेक ठिकाणी विसरलं जातं. आवक शिक्क्यात कामाची माहिती असते: पत्र कोणत्या दिवशी मिळालं, हे अपील किंवा उत्तराची मुदत मोजताना लागतं. तेव्हा जांभळ्या ठिपक्यांचं वेगळं चित्र करून तेही वाचावं आणि ‘आवक दिनांक’ हा स्वतंत्र रकाना ठेवावा. दोन तारखा वेगळ्या झाल्या, की एक तपासणीही हाती येते. पत्र लिहिण्याआधी ते मिळू शकत नाही. छापील दिनांक १२ मार्च आणि आवक दिनांक १५ मार्च असेल, तर जुळलं. छापील दिनांक १९ मार्च वाचला गेला असेल, तर कुठला तरी आकडा चुकलाय हे माणसानं पत्र उघडण्याआधीच कळतं.

हे सगळं रंगीत चित्रावर अवलंबून आहे. कृष्णधवल झेरॉक्समध्ये शिक्का आणि अक्षर एकाच रंगाचे होतात. काळ्या शाईच्या शिक्क्याचंही तेच. फोनवरून दाबून लहान केलेल्या चित्रात आणखी एक अडचण येते. जेपीईजी पद्धतीत उजेडापेक्षा रंगाचा तपशील अनेकदा कमी बारकाईनं साठवला जातो, त्यामुळे जांभळा रंग अक्षरांच्या कडांवर सांडतो. म्हणून मूळ कागद हाताशी असेल, तर तो रंगीतच आणि ३०० डीपीआयला स्कॅन करावा.

रंगाची मदतच नसेल, तर झाकलेलं अक्षर आजूबाजूच्या ठिपक्यांवरून ‘भरून काढणारी’ साधनं आहेत. पदनामासाठी ती एकवेळ चालतील, कारण ‘गटविकास अधिकारी’ यातलं एक अक्षर गेलं तरी पदांच्या यादीशी ताडून पाहता येतं. जावक क्रमांकाला असा आधार नसतो. तिथे भरलेला आकडा हा निव्वळ अंदाज असतो, आणि तो खऱ्यासारखाच स्वच्छ दिसतो. असा रकाना रिकामा सोडून, पत्राचा तेवढा तुकडा कापून कारकुनापुढे ठेवावा.