माझ्या जागी कोण?

दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. सर्जिकल वॉर्डातली मॉर्निंगची सिस्टर खांद्याला पर्स लावून नर्सिंग स्टेशनपाशी उभी आहे, पण तिला निघता येत नाही. इव्हिनिंगला जी यायची ती आलेलीच नाही. फोन लावला तर ती म्हणते, "अगं, मी रेखाशी बदलून घेतलंय ना!" रेखा नाइट करून घरी झोपलेली. ती फोनवर चक्रावते, "बघते म्हणाले होते, हो कुठे म्हणाले?" इनचार्ज सिस्टरांना यातलं काहीच ठाऊक नाही. भिंतीवरच्या ड्यूटी लिस्टवर जुनंच नाव आहे.

पाळ्यांमध्ये काम चालतं अशा कुठल्याही ठिकाणी हा प्रसंग ओळखीचा वाटेल. यात खोटं कुणीच बोललेलं नाही. बदलून मागणारीने विचारलं होतं, पण अर्धवट विचारलं होतं. "माझी गुरुवारची करशील का?" एवढ्या वाक्यात तिची गरज कळते, पण तिच्या जागी कोण, त्या बदल्यात काय आणि हे कुणाला सांगितलंय, ते कळत नाही. ड्यूटी बदलण्याची विनंती नीट कशी करावी, हे एका उदाहरणातून पाहू.

एका खाजगी रुग्णालयातला वॉर्ड धरू. मॉर्निंग सकाळी आठ ते दुपारी दोन, इव्हिनिंग दोन ते रात्री आठ आणि नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. म्हणजे पहिल्या दोन पाळ्या सहा-सहा तासांच्या आणि रात्रीची बारा तासांची. समजा, इथल्या वैशालीची १२ तारखेला, गुरुवारी, इव्हिनिंग आहे. त्याच दिवशी साताऱ्यात तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. वेळ दुपारी एकची. भाऊ परगावी असतो, त्यामुळे सोबत वैशालीच लागणार. ही तारीख तिला ६ तारखेलाच, शुक्रवारी, कळली आहे.

रेखा लगेच म्हणते, "मी करते तुझी गुरुवारची, तू माझी शनिवारची नाइट कर." ऐकायला सरळ व्यवहार वाटतो. पण लिस्ट समोर ठेवली की तीन गोष्टी खटकतात. रेखाला बुधवारी नाइट आहे. ती गुरुवारी सकाळी आठला सुटेल आणि दुपारी दोनला पुन्हा उभी राहील. मधल्या सहा तासांत घरी जाणं, जेवण, झोप आणि परत येणं, सगळं आलं. दुसरं, वैशाली सहा तास देऊन बारा तास घेते आहे. तिसरं, शनिवारी रात्री आठला सुरू झालेली नाइट संपेल रविवारी सकाळी, म्हणजे वैशालीच्या ऑफच्या दिवशी. तिचा आठवड्याचा ऑफ झोपेतच जाणार. दोघींनी हौसेने होकार दिला तरी इनचार्ज सिस्टर हे मान्य करणार नाहीत, आणि नकार ऐकून दोघींना वाटणार की मॅडम मुद्दाम अडवतात.

अनिताताईंची गोष्ट वेगळी. त्यांना गुरुवारी ऑफ आहे आणि रविवारी, १५ तारखेला, इव्हिनिंग. वैशालीला रविवारी ऑफ. अनिताताईंनी वैशालीची गुरुवारची इव्हिनिंग करायची आणि वैशालीने त्यांची रविवारची. सहा तासांना सहा तास, इव्हिनिंगला इव्हिनिंग. दोघींचा एक-एक ऑफ शाबूत राहतो, फक्त दिवस बदलतो. रविवारी रात्री आठला सुटून वैशाली सोमवारी सकाळी आठला मॉर्निंगला येईल, म्हणजे मधे बारा तास मिळतात.

आता एकच मोजणी उरते, आणि ती बहुतेक जण विसरतात: दोन ऑफमधले दिवस. अनिताताईंचा आधीचा ऑफ ५ तारखेला झालाय. १२ चा ऑफ दिला तर ६ ते १४ असे सलग नऊ दिवस त्या कामावर असतील. वैशालीचा पुढचा ऑफ २२ ला, म्हणजे तीही १३ ते २१ असे नऊ दिवस सलग. कारखान्यांसाठी १९४८ साली झालेल्या कायद्यात नेमका हाच विचार होता. साप्ताहिक सुट्टीचा दिवस बदलता येईल, पण त्यामुळे कुणी दहा दिवसांहून जास्त सलग काम करता कामा नये, असं त्याच्या ५२ व्या कलमात म्हटलं होतं. रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे, तरी मोजायला हे माप चांगलं आहे. नऊ दिवस लांबच आहेत, पण त्या मापात बसतात. अनिताताईंना विचारताना मात्र हा आकडा लपवायचा नाही.

म्हणून आधी निरोप अनिताताईंना जायला हवा, आणि तोही त्यांच्या एकटीच्या फोनवर. वॉर्डाच्या ग्रुपवर "कोणी माझी गुरुवारची करेल का, प्लीज" असं टाकलं की पंधरा जणी वाचतात आणि प्रत्येकीला वाटतं, दुसरी कुणी तरी करेल. कधी दोघी हो म्हणतात आणि मग तो घोळ निस्तरावा लागतो. वैशालीने लिहिलं ते असं:

"अनिताताई, गुरुवारी १२ तारखेला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, साताऱ्यात, दुपारी एकला. सोबत मीच आहे. माझी त्या दिवशीची इव्हिनिंग तुम्हाला जमेल का? त्या बदल्यात तुमची रविवारची, १५ ची इव्हिनिंग मी करीन. तुमचा ऑफ गुरुवारऐवजी रविवारी येईल, पण ६ पासून १४ पर्यंत सलग नऊ दिवस होतील, ते बघून सांगा. जमणार नसेल तर अगदी मोकळेपणाने नाही म्हणा. उद्या संध्याकाळपर्यंत कळलं तर मी दुसऱ्या कुणाला विचारू शकेन."

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मुदत दिली की समोरचीला नाही म्हणणं सोपं जातं, आणि "बघते" हे उत्तर आपोआप अपुरं ठरतं. रेखाच्या बाबतीत सगळा गोंधळ त्या "बघते"नेच झाला होता.

अनिताताईंचं "हो, करते" आलं की मगच इनचार्ज सिस्टरांकडे जायचं. त्यांना कळवायची वेळही बघावी. दुपारी दोनच्या सुमारास हँडओव्हर चालू असताना कुणी सांगितलेलं डोक्यात राहत नाही. सकाळचा राउंड आटोपला की आधी तोंडी सांगावं आणि लगेच लेखी पाठवावं:

"नमस्कार मॅडम. गुरुवार १२ ची माझी इव्हिनिंग आणि रविवार १५ ची अनिता सिस्टरांची इव्हिनिंग आपसात बदलून मिळावी, ही विनंती. कारण: १२ ला दुपारी एक वाजता साताऱ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि सोबत घरचं दुसरं कुणी नाही. १२ ला माझ्या जागी अनिता सिस्टर येतील, १५ ला त्यांच्या जागी मी येईन. त्यांनी होकार दिला आहे, या मेसेजमध्ये त्याही आहेत. ऑफ: माझा १२ ला, त्यांचा १५ ला. १२ ला औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, ती अनिता सिस्टर घेतील. तुमची परवानगी मिळेपर्यंत १२ ची ड्यूटी माझीच आहे असं मी धरते."

मॅडमना यावर उलट काही विचारावं लागत नाही. त्या वाचताना लिस्टवर बोट फिरवत असतात: या दिवशी माणसं किती, नवख्या किती, किल्ली कुणाकडे. किल्ली ही साधी गोष्ट नाही. गुंगीच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांचं कपाट कुलपात असतं. त्यातली प्रत्येक अँप्यूल रजिस्टरमध्ये सहीने चढते आणि पाळी बदलताना दोघी मिळून मोजतात. वैशालीच्या जागी सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी आली असती तर डोकी तेवढीच भरली असती, पण किल्ली घेणारी कुणी उरली नसती. म्हणून "माझ्या जागी कुणीतरी येईल" हे पुरत नाही. तेच काम करू शकणारी येईल, हे दिसावं लागतं. कारखान्यात हाच प्रश्न मशिनचा असतो आणि सिक्युरिटीत गेटचा.

कारण किती सांगावं, यावरही बरेच अडखळतात. "घरगुती अडचण" म्हटलं तर वेळ पुढे ढकलता येईल की नाही, हे मॅडमना कळत नाही. उलट आईच्या डोळ्याचा सगळा इतिहास लिहिला तर तारीख त्यात बुडून जाते. काय आहे, किती वाजता आहे आणि मीच का हवी, एवढ्या तीन गोष्टी एका वाक्यात पुरतात. स्वतःच्या दुखण्याची बाब असेल तर "डॉक्टरांची ठरलेली वेळ आहे" इतकं लिहावं, बाकीचं हवं तर समोर बसून सांगावं, कारण मेसेज पुढे कुणाकुणाला जाईल ते आपल्या हातात नसतं. खोटं कारण तर देऊच नये. आजारी म्हणून बदलून घ्यायचं आणि संध्याकाळी लग्नातला फोटो स्टेटसला टाकायचा, हे झालं की पुढच्या खऱ्या ऑपरेशनलाही कुणी बदलून देत नाही.

मॅडमनी "चालेल" लिहिलं तरी दोन कामं उरतात. पहिलं म्हणजे भिंतीवरची लिस्ट. दोन्ही तारखांना नावं बदलून तिथे मॅडमची सही झाली की गुरुवारची जबाबदारी अनिताताईंची होते. त्या दिवशी त्यांना ताप आला तर त्यांनी साताऱ्यात धावपळीत असलेल्या वैशालीला नव्हे, थेट मॅडमना फोन करायचा. औषध चुकलं, रुग्ण पडला, तर कागदावर कोण हजर होतं हे याच लिस्टवरून पाहिलं जातं. दुसरं काम बोटाच्या ठशाच्या मशिनचं. मशिनला अदलाबदल कळत नाही. त्याच्या लेखी वैशाली १२ ला गैरहजर आणि १५ ला ऑफच्या दिवशी विनाकारण हजर. मॅडमचा होकार एचआरकडे पोचला नसेल तर महिन्याच्या शेवटी एका दिवसाचा पगार कापलेला दिसतो, आणि तेव्हा कुणाशी काय ठरलं होतं ते आठवून सांगत बसावं लागतं.

आणि उत्तरच आलं नाही तर? दोन निळ्या खुणा म्हणजे परवानगी नव्हे. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारावं. हो आलं नाही, तर ड्यूटी आपलीच. ऐन सकाळी आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर गोष्ट निराळी. तेव्हा बदली शोधत मैत्रिणींना फोन करत बसू नये, पहिला फोन मॅडमना करावा. हातात दोन तास असले तर माणूस उभं करणं त्यांना जमतं, दोनला दहा कमी असताना जमत नाही.

गुरुवारी दोन वाजता अनिताताई वॉर्डात शिरतात. मॉर्निंगची सिस्टर कुणालाही फोन न लावता त्यांच्यासोबत कपाट उघडते, दोघी अँप्यूल मोजतात, सह्या होतात आणि किल्ली या हातातून त्या हातात जाते. साताऱ्यात वैशालीचा फोन वाजत नाही.