आतला x वेगळा, सीमेवरचा x वेगळा

∫₀³ x² dx या निश्चित संकलनाचं उत्तर 9 येतं. x च्या जागी सगळीकडे t लिहा, ∫₀³ t² dt. उत्तर तेच, 9. कारण हे अक्षर 0 ते 3 या सगळ्या किमतींवरून फिरून येतं आणि बेरीज झाली की त्याचं काम संपतं. उत्तर ठरतं ते फलनावर आणि दोन सीमांवर.

गोंधळ होतो तो वरची सीमाच x असते तेव्हा. ∫₀ˣ x² dx असं लिहिलं, तर सीमेवरचा x ही बाहेरून दिलेली, एका वेळी ठरलेली किंमत आहे. आतला x मात्र 0 पासून तिथपर्यंत फिरतो. म्हणून x = 2 घालायचं ते फक्त सीमेत. आतही घातलं, तर d2 असं काहीतरी निरर्थक उरतं.

खरा धोका पुढे आहे. ∫₀ˣ x·t dt यात फिरतो तो t. X स्थिर असल्यामुळे तो बाहेर काढता येतो आणि उत्तर x³/2 येतं. ‘अक्षराला महत्त्व नाही’ म्हणून t च्या जागी x लिहिला, तर ∫₀ˣ x² dx होऊन उत्तर x³/3 येईल. x = 2 साठी पहिलं उत्तर 4, दुसरं 8/3.

तेव्हा आतलं अक्षर खुशाल बदला, पण गणितात आधीच वापरलेलं अक्षर त्याला देऊ नका. आणि अंतिम उत्तरात आतलं अक्षर शिल्लक दिसलं, तर कुठेतरी चुकलंय हे नक्की.