यादीतली गिऱ्हाइकं जुळतात किती?

समजा, येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाकडे ९०० गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर आहेत. मालक ती यादी फेसबुकच्या जाहिरात विभागात चढवतो. याच लोकांना, किंवा यांच्यासारख्या इतरांना, जाहिरात दिसावी असा त्याचा हेतू असतो.

चढवताना प्रत्येक नंबरचं SHA-256 पद्धतीने एका सांकेतिक ओळीत रूपांतर होतं आणि ती फेसबुककडच्या खात्यांच्या तशाच ओळींशी ताडून पाहिली जाते. एक अंक जरी इकडचा तिकडे झाला तरी अख्खी ओळ बदलते. ‘जवळपास सारखा’ हा प्रकार इथे नाही. म्हणून घोळ बहुधा वहीतच असतो. कुणी नंबरामागे 91 लावलेला नाही, कुणी दुकानाची लँडलाइन लिहिली आहे. एक्सेलने तर मोठा आकडा 9.19E+11 असा करून ठेवलेला असतो, आणि तशीच फाइल सेव्ह झाली की मूळ नंबर हातचा जातो. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करावा. हे सगळं नीट केलं तरी काही जण सुटणारच, कारण फेसबुकचं खातं जुन्या नंबरवर किंवा ईमेलवर उघडलेलं असतं. ईमेलचाही रकाना दिला तर त्यातले काही सापडतात.

आता महागडी पैठणी घेणारे १५० जण वेगळे काढू. त्यातले ३० टक्केच जुळले तर हाती उरतात ४५. त्यांच्यासारखे नवे लोक शोधून देण्यासाठी फेसबुकला एका देशातले निदान १०० जुळलेले लोक लागतात. यादी साफ करून प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं तर १०५ होतात, म्हणजे जेमतेम. त्यामुळे आधी प्रमाण वाढवावं, मगच यादीचे तुकडे पाडावेत. लिंक्डइनवर ही किमान संख्या ३०० आहे. ही अट मला योग्यच वाटते. किमान संख्येची अटच नसती तर एकाच माणसाची यादी करून फक्त त्याला गाठता आलं असतं.

खरी फसगत होते ती हिशेबात. दिवाळीनंतर विक्रीची यादी चढवली, की जाहिरात पाहून किती जणांनी खरेदी केली ते कळतं. पण मोजणी होते ती फक्त जुळलेल्यांची. चाळीस टक्केच जुळले म्हणून आलेल्या आकड्याला अडीचने गुणणं चूक आहे. जे जुळतात ते फेसबुकवर जास्त वावरणारे असण्याची शक्यता असते, म्हणजे त्यांनी जाहिरात पाहिलेली असण्याचीही. न जुळलेल्यांना तोच हिशेब लावता येत नाही. गेल्या वर्षी ४० टक्के आणि यंदा ७० टक्के जुळले असतील, तर जाहिरातीने काही जास्त न करताही तिच्या नावावर जास्त विक्री दिसेल. म्हणून दोन दिवाळ्यांची तुलना करताना विक्रीच्या आकड्याशेजारी जुळणीचं प्रमाणही लिहून ठेवावं.