पगारपत्रकाविना उत्पन्नाचा दाखला

शिष्यवृत्तीच्या अर्जास तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा, आणि पिता मात्र शिवणकाम करणारा, ज्याला पगारपत्रक कधी मिळालेच नाही, अशा घरी प्रथम गाठावयाचा तो तलाठी. कारण आयकर विवरणपत्र भरलेले नसेल तर चौकशीअंती तलाठ्याने दिलेला उत्पन्नाचा अहवालच, अर्जदाराच्या स्वयंघोषणापत्रासह, पुराव्याचे स्थान घेतो.

चूक बहुधा आकड्यातच होते. समजा, दुकानात दरमहा सरासरी १८,००० रुपये जमा होतात, आणि भाडे, दोरा-अस्तर व वीज यांपोटी ६,००० जातात. तर व्यवसायाचे वार्षिक उत्पन्न २,१६,००० नव्हे, १,४४,००० ठरते. एवढ्यावर थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल, कारण दाखला कुटुंबाचा असतो: आईची शिकवणी अथवा सातबारावरील शेतीचे उत्पन्न त्यात मिळवलेच पाहिजे. खर्चाची साधी वही व भाडेपावत्या जवळ असाव्यात, म्हणजे चौकशीत उत्तर देता येते.

तलाठ्याचा अहवाल हाती आल्यावर सेतू केंद्रातून अथवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून तहसील कार्यालयाकडे अर्ज करावा. आणि योजनेला कोणत्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न हवे, हे माझ्या मते त्याआधीच पाहावे, कारण भलत्या वर्षाचा दाखला असल्यास अर्ज त्रुटीत निघतो.